तुम्ही विचारलंत म्हणून: अंडं, समुद्राचं पाणी आणि उद्घाटनाचं भाषण

"बाई, विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला चार शब्द बोलायचे सोडून तुम्ही अंडं घेऊन का उभ्या राहता? आणि त्यात पाहुण्यांना कशाला ओढता?"

कारण ते चार शब्द माझ्या आधी सगळ्यांनी बोलून झालेले असतात. प्रास्ताविकात विज्ञानाचं महत्त्व येतं, स्वागतात येतं, शाल-श्रीफळ देताना निवेदकही सांगून घेतो. मुलं सकाळपासून थर्माकोल आणि सिरिंजांचे जेसीबी सांभाळून आलेली असतात. त्यांना तोंडपाठ असतं, "नमस्कार, माझ्या प्रतिकृतीचे नाव..." परीक्षकांनी मध्येच काही विचारलं की पोर गडबडतं आणि पुन्हा 'नमस्कार'पासून सुरू करतं. हे पाठांतर थोडं सैल व्हावं, एवढंच मला त्या सात-आठ मिनिटांत हवं असतं.

म्हणून टेबलावर काचेच्या दोन उंच बरण्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत समुद्राचं. समुद्राचं म्हणजे समुद्राचंच, खाडीचं नव्हे. खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं. पहिल्या बरणीत अंडं सोडते, ते तळाला जातं, कुणालाच नवल वाटत नाही. दुसरं अंडं बरणीवर धरते आणि विचारते, "आता?" तरंगेल म्हणणाऱ्यांनी हात वर. बुडेल म्हणणाऱ्यांनी हात वर. मग गप्प राहते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७४ साली लिहून ठेवलंय की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. मी मनात पाचापर्यंत मोजते. तेवढ्यात शेजारच्याशी पैजा लागतात, वर गेलेले हात खाली येतात आणि परत वर जातात.

बहुतेक हात 'तरंगेल'ला असतात. पुस्तकात मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं, आणि समुद्र तर खारट. पण ताजं अंडं समुद्राच्या पाण्यातही सरळ तळाला जातं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याने पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड होतं. ताजं अंडं त्याच आकाराच्या गोड्या पाण्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी जड. ते वर यायला लिटरमागे आणखी शंभरेक ग्रॅम मीठ लागतं, अंड्यागणिक थोडं कमी-जास्त.

ते मीठ मुलांकडून घालून घेते, शिरोड्याचं खडेमीठ. खडे हळू विरघळतात, आणि पोरं घाईत नीट ढवळत नाहीत. मग खाली जड पाण्याचा थर, वर हलक्या पाण्याचा, आणि अंडं बरणीच्या मधोमध अडकतं, बोथट टोक वर करून. त्या टोकात हवेची पिशवी असते म्हणून. तळाला नाही, वरही नाही. असं होईल म्हणून कुणीच हात वर केलेला नसतो. सभागृहातला खरा आवाज तेव्हा येतो. मी तिथेच थांबते, कारण सांगत नाही. एवढंच सांगते की आज प्रत्येक स्टॉलवर एक प्रश्न विचारा: हे कधी चालत नाही?

आता पाहुण्यांचं. मी व्यासपीठावरच्या लोकांनाही हात वर करायला लावते. खेळात मोठी माणसं नुसती बघत बसली की मुलांना लगेच कळतं की ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत गंमत कसली? हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

तर एका तालुकास्तरीय प्रदर्शनाला प्रमुख पाहुण्यांनी हौसेने हात वर केला. तरंगेल. अंडं बुडालं. हशा झाला, वाईट नव्हता, पण झाला. पाहुणे उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "खाऱ्या पाण्यात अंडं तरंगतं हे आम्ही सातवीत शिकलो. बाईंचं अंडं खराब असेल."

पुढच्या रांगेतून एक सहावीतली मुलगी उभी राहिली. हात वर नाही, परवानगी नाही. "पण सर, नासका अंडा तर वर येता!"

बरोबर होतं तिचं, शंभर टक्के. अंडं शिळं होतं तसं कवचाच्या छिद्रांतून आतलं पाणी उडत जातं, हवेची पिशवी मोठी होते आणि अंडं हलकं पडतं. घरात कोंबड्या असलेल्या कुठल्याही पोराला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. ती उद्धटपणे बोललीच नव्हती, तिला फक्त राहवलं नव्हतं. पण सभागृह जे फुटलं ते फुटलंच. पाहुणे बसले. चहा न घेता गेले.

दुपारी स्टॉल बघत फिरताना ती दिसली. चुलीच्या धुरासाठी पत्र्याच्या डब्यांचं धुराडं केलं होतं तिने, चांगलं होतं. डोळे सुजलेले. तिच्या शाळेतल्या सरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं होतं, शाळेचं नाव घालवलंस म्हणून. मी विचारलं, "हे कधी चालत नाही गं?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नमस्कार, माझ्या प्रतिकृतीचे नाव धूरमुक्त चूल..." सगळं म्हणून दाखवलं, शेवटच्या 'धन्यवाद'पर्यंत.

मी त्या सरांशी जाऊन बोलले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही उद्या तुमच्या शाळेत. वर्षभर ऐकून घ्यायचंय आम्हाला." त्यांचंही खोटं नव्हतं.

तुम्ही म्हणता पाहुण्यांना ओढू नका, त्यामागे हेच आहे, मला कळतं. मी स्वतःलाही खूपदा सुनावलंय: सात मिनिटं मोकळीक द्यायची आणि त्याचं बिल पोरीने भरायचं, हा कुठला खेळ? मग दुसरं मन म्हणतं, त्या अख्ख्या दिवसात विज्ञान असं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते बरणीशिवाय, पाहुण्यांच्या हाताशिवाय बोललं गेलं नसतं. पहिलं मन म्हणतं, हे त्या मुलीला सांग.

मधला मार्गही करून पाहिला. पाहुण्यांना चहाच्या वेळीच सांगून ठेवलं की अंडं बुडणार आहे, तुम्ही मुद्दाम चुकीचा हात वर करा. त्यांनी इतका झकास अभिनय केला की मागच्या बाकावरून आवाज आला, "ह्यांका आधीच सांगलेला हा!" पुढे मीठ कितीही घातलं तरी कुणी मान उंचावून बघेना.

सध्या मी पाहुण्यांना आधी फक्त एवढंच विचारते: मुलांसमोर उत्तर चुकलं तर चालेल का? काही जण हो म्हणतात, ते हात वर करतात. बाकीचे हसून नको म्हणतात, त्यांना मी सोडते. पण मुलांच्या सरांना कुणी विचारायचं, आणि तेही त्यांच्या साहेबांसमोर, हे मला सुटलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. यंदाही बोलावणं आलंय, आणि अंडी आदल्या संध्याकाळी गावठीच आणणार आहे. दुकानातली किती दिवसांची असतात याचा भरवसा नाही, त्यातलं एखादं नुसत्या समुद्राच्या पाण्यातही वर येतं.