दशमीला ६५ एकरात: काड्या फुल्ल, नेट गुल

पंढरपुरात आषाढीच्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र दिसलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, टॉवर तर समोर दिसतोय, काड्या फुल्ल आहेत, मग नेट का चालत नाही?" मी मोबाइल नेटवर्कमध्ये आरएफ इंजिनिअर आहे. एका वर्षी चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर, वारकऱ्यांच्या ६५ एकराच्या तळावर, तात्पुरता टॉवर उभा करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मलाही पुरतं ठाऊक नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आधी काड्यांचं सांगतो. टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती मोठ्याने येतोय, एवढंच त्या काड्या सांगतात. तुमच्या पुढे रांगेत किती जण आहेत, ते त्यांना कळत नाही. टॉवरवरची एक अँटेना जेवढा तुकडा सांभाळते, त्याला आम्ही सेल म्हणतो. फोर-जीच्या एका सेलला समजा २० मेगाहर्ट्झची जागा मिळाली, तर तिचे १०० पट्टे पडतात, आणि कुठला पट्टा कुणाला द्यायचा हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. गर्दीतल्या अशा सेलमधून सरासरी ३० एमबीपीएस निघाले तर मी खूश असतो. एका वेळी ३०० जण काहीतरी उघडत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० केबीपीएस येतात. म्हणजे फोटोसुद्धा अडखळत उघडणार. कॉल मात्र लागतो, कारण आवाजाची पाकिटं छोटी असतात आणि त्यांना रांगेत सगळ्यात पुढे घेतलं जातं. म्हणून दिंडीतून चुकलेल्या आजींचा फोन घरी लागतो, पण त्यांनी पाठवलेलं लोकेशन पोहोचत नाही.

मग पॉवर वाढवा की, असं पुष्कळ जण सुचवतात. पॉवर वाढवली की शेजारच्या सेलला तो गोंगाट होतो, आणि हातातला फोन तर जास्तीत जास्त २०० मिलिवॉटनेच बोलणार. आमच्याकडच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी तिथे आधीच लागलेल्या होत्या. उरला एकच मार्ग, त्याच जमिनीचे आणखी लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात त्या फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरायच्या. यासाठी जो ट्रेलर येतो त्याला आम्ही 'काऊ' म्हणतो. सेल ऑन व्हील्स या नावाची ती आद्याक्षरं. ट्रेलरवर दुमडलेला मास्ट म्हणजे अँटेनांचा खांब, रेडिओचं कपाट, बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतो. तीन बाजूंना तीन अँटेना लावल्या की तीन नवे सेल तयार होतात.

शुद्ध पंचमीला आम्ही ट्रेलर लावला, चारही पाय टेकवले आणि मास्ट १८ मीटरवर नेला. टॉवरला स्वतःची लाइन लागते, नाहीतर फोनकडून गोळा केलेला डेटा पुढे नेणार कोण? तिथे फायबर नव्हती, म्हणून ६० सेंटिमीटरची मायक्रोवेव्ह डिश बसवून ती दीड किलोमीटरवरच्या आमच्या फायबरवाल्या टॉवरकडे रोखली. ३५० एमबीपीएसची लिंक मिळाली. शेजारी मुरूम पसरणारा जेसीबीवाला आमचं काम बघत होता. तो म्हणाला, "सायेब, ही काळी माती हाय. पायाखाली फळ्या घाला, न्हाईतर पाऊस पडला की गाडी पाय घालतीया." मी मान डोलावली. फळ्या काही घातल्या नाहीत.

षष्ठीच्या रात्री पाऊस झाला. सकाळी आमच्या कंट्रोल रूममधून फोन आला की लिंक १०० च्या आसपास आली आहे, आणि तळावर तंबू ठोकायला आलेली मंडळी 'नेट स्लो' म्हणतायत. रेडिओकडे काहीच अलार्म नव्हता, तिन्ही सेल ठणठणीत. जाऊन बघितलं तर ट्रेलरचा मागचा एक पाय वीतभर खाली गेलेला. ओळंबा सोडला तेव्हा मास्ट अडीच अंश मागे कललेला निघाला. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण १५ गिगाहर्ट्झवर त्या डिशचा झोत सव्वादोन-अडीच अंशांचाच असतो. आमची डिश समोरच्या टॉवरच्या डोक्यावरून आकाशाकडे बघत होती. सिग्नल साधारण १५ डेसिबलने पडला होता, म्हणजे तिसावा हिस्सा उरला होता. अशा वेळी लिंक तुटत नाही. ती आपणहून सावकाश बोलायला लागते, एका दमात कमी बिट पाठवते. म्हणूनच हे दुखणं लवकर सापडत नाही. सगळे दिवे हिरवे असतात आणि लोक शिव्या देत असतात.

त्याच जेसीबीवाल्याकडून सागवानी फळ्या मागून आणल्या. मागितल्यावर तो काही बोलला नाही, नुसता हसला. ट्रेलर जॅकवर उचलला, फळ्या आडव्या-उभ्या रचल्या, मास्ट ओळंब्यात घेतला. रिगरने वर चढून डिश केसाकेसाने हलवत पुन्हा जुळवली. दुपारपर्यंत ३५० परत आले.

अष्टमीला तळ भरू लागला आणि दुसरं दुखणं उघडं पडलं. या खेपेला चूक सरळ माझी होती. नदीकडे तोंड असलेला सेल पूर्ण भरलेला दिसत होता, पण त्याच्या समोरच्या पट्ट्यात तेव्हा तंबू मोजकेच होते. मग हे वापरणारे कोण? त्याचं उत्तर टायमिंग अ‍ॅडव्हान्समध्ये असतं. फोनचा आवाज टॉवरला वेळेवर पोहोचावा म्हणून टॉवर त्याला किती आधी बोलायचं ते सांगतो, आणि त्यातली एक पायरी म्हणजे साधारण ७८ मीटर. रेकॉर्ड काढलं तर निम्मे फोन दहाव्या पायरीच्याही पलीकडचे. म्हणजे पाऊण किलोमीटरहून लांब, नदी ओलांडून गावात बसलेले.

अँटेना मी ३ अंश खाली झुकवली होती. हिशेब केला तर १८ मीटरवरून झोताचा मध्य ३४३ मीटरवर जमिनीला लागत होता, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं. पण झोताला जाडी असते. ती उभ्या दिशेने ७ अंश होती, तेव्हा वरची कड क्षितिजाच्याही अर्धा अंश वर गेली. ती कड जमिनीला कुठेच टेकत नव्हती, मोकळ्या वाळवंटावरून सरळ पैलतीराच्या घाटांवर जात होती. बरं, लांबच्या फोनला सेवा देणं महाग पडतं. जवळच्या फोनचं जे काम दोन पट्ट्यांत उरकतं, त्याच कामाला कडेच्या अंधूक सिग्नलवरच्या फोनला बारा-पंधरा पट्टे लागतात. गावातले थोडे जण आमच्या तळाचा घास खात होते, आणि त्यांनाही धड पोटभर मिळत नव्हतं.

टिल्ट ८ अंश केला. मध्य आला १२८ मीटरवर, वरची कड २२९ मीटरवर. पॉवरही निम्मी केली. आमच्या मॅनेजरांना हे काही केल्या पटेना. एवढा खर्च करून आणलेला टॉवर आखूड का करायचा? मी त्यांना दुसऱ्या दिवशीचे आकडे दाखवले. त्या सेलवरचे फोन कमी झाले होते आणि त्यातून निघणारा एकूण डेटा जवळजवळ दुप्पट झाला होता. तेव्हा कुठे ते गप्प बसले.

आणि मग दशमी. वाखरीहून पालख्या पंढरीत आल्या, तळावर पाऊल ठेवायला जागा उरली नाही. साडेचारच्या सुमाराला तक्रारी सुरू झाल्या आणि स्क्रीनवर मला चक्रावून टाकणारा आकडा दिसत होता. टॉवरकडून फोनकडे जाणारा रस्ता ५५ टक्केच भरलेला. म्हणजे जागा होती, तरी लोकांची पानं उघडत नव्हती. पाच मिनिटं मी त्या एकाच रकान्याकडे बघत बसलो. मग शेजारचा रकाना बघितला, फोनकडून टॉवरकडे येणारा. तो ९७ टक्के.

एरवी लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. म्हणून २३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये एकाच जागेचा वेळ वाटून देताना दहापैकी दोनच वाटे पाठवण्यासाठी ठेवलेले असतात. वारीत उलटं होतं. पालखी समोर आली की हजार हात वर जातात आणि प्रत्येक हातातला व्हिडिओ गावाकडे निघतो. २० एमबीचा व्हिडिओ म्हणजे १६० मेगाबिट. त्या वाटेवर आम्हाला ५ एमबीपीएस मिळत होते. एकटा माणूस असता तर ३२ सेकंदांत त्याचं काम झालं असतं. ६० जण एकदम पाठवायला लागले की सगळ्यांचं मिळून ३२ मिनिटांवर जातं, आणि तोवर दुसरे ६० उभे असतात. यात बघणारेही अडकतात. पान मागवायचं तर ती मागणी याच वाटेने वर यावी लागते, आणि आलेल्या पाकिटांची पोचही याच वाटेने जाते. मागणीच पोहोचली नाही तर उतरणार काय?

ट्रेलरवर १८०० चा रेडिओही होता, १० मेगाहर्ट्झचा. त्यात पाठवण्याचा रस्ता वेगळा आणि पूर्ण वेळ मोकळा असतो. २३०० मधल्या २० चा पाचवा हिस्सा म्हणजे ४, आणि इथे चांगले १०, अडीच पट जागा. पण फोनांनी आधी २३०० वरच जावं असं प्राधान्य मीच लावलेलं होतं. रुंद बँड म्हणजे चांगला बँड, ही ऑफिसातली सवय. कंट्रोल रूमला फोन करून दोन्ही बँडांचं प्राधान्य सारखं करायला लावलं, आणि पाठवण्याची वाट ७० टक्क्यांवर गेली की फोन १८०० वर ढकलायचे, अशी अट घालायला सांगितली. पावणेसहाला बदल लागला. अर्ध्या तासात ९७ चे ८० झाले. पानं उघडू लागली. व्हिडिओ तरीही रेंगाळतच होते, कारण एवढ्या माणसांचे व्हिडिओ एका ट्रेलरच्या आवाक्यात मुळात नव्हतेच.

रात्री मी ट्रेलरच्या पायरीवरच बसून होतो. अडीच वाजले, भजनं थांबली होती, बहुतेक तंबू झोपले होते. आता आलेख खाली आला असेल म्हणून लॅपटॉप उघडला तर पाठवण्याचा रस्ता अजून ६० टक्के भरलेला. संध्याकाळी अडकलेले व्हिडिओ उशाशी ठेवलेल्या फोनांमधून आता एकेक करून बाहेर पडत होते. पहाटे चारला, चंद्रभागेच्या स्नानाला जाणाऱ्यांची चाहूल लागली तेव्हा, तो आकडा एकदाचा १२ वर आला. तासाभराने पुन्हा चढायला लागला.