लॉगिन एक तास बंद होते, त्याचा अहवाल लिहिताना

हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या गावातून मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचे काम करतो. आमची प्रणाली कापूस खरेदी केंद्रांवर वापरली जाते. गाडी काट्यावर आली की वजन, प्रत आणि शेतकऱ्याचे नाव तिच्यात नोंदवले जाते, आणि त्याशिवाय पावती निघत नाही. ऐन हंगामात एका सकाळी ९:४१ ला आम्ही लॉगिन सेवेची नवी आवृत्ती चढवली आणि १०:४२ पर्यंत नव्याने लॉगिन करणाऱ्या कोणालाही काम करता आले नाही. बदल माझ्या एका कनिष्ठ सहकारी मुलीने केला होता, तो तपासून मंजूर मी केला होता, आणि घटनेचा अहवाल लिहिण्याचे कामही माझ्याकडेच आले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, मीच केलं ना ते, लिहून टाका माझं नाव, उगाच फिरवून नका लिहू." तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण तिचे नाव लिहिले असते तर अहवाल तिथेच संपला असता. दोष न देता लिहायच्या या अहवालाला आमच्या क्षेत्रात ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये एट्सी कंपनीतल्या अनुभवावरून त्याविषयी लिहिले, तेव्हापासून ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये चांगलीच रुळली. त्या क्षणी त्या माणसाला जे दिसत होते त्यावरून त्याचे कृत्य योग्यच का वाटले, हे शोधणे हा तिचा गाभा आहे.

माझा पहिला मसुदा मात्र फसला. नावे टाळायची म्हणून मी "व्हेरिएबल बदलण्याचे राहून गेले", "तपासणीत सुटले" अशी वाक्ये लिहिली होती. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती वाचून विचारले, "राहून गेले म्हणजे नेमके कुठे राहिले? ते कोणाला कुठे दिसायला हवे होते, आणि तिथे काय दिसत होते?" मराठीत कर्ता गाळून वाक्य पुरे करता येते, आणि त्या सोयीमुळे माणसाबरोबर कारणही झाकले गेले होते. मग मी नावांऐवजी भूमिका लिहिल्या, म्हणजे "बदल करणारी अभियंता", "मंजुरी देणारा अभियंता", "मदत कक्षातील कर्मचारी", आणि प्रत्येकाच्या पुढे त्याच्या पडद्यावर तेव्हा काय होते ते नोंदवले.

बदल करणाऱ्या अभियंतीच्या पडद्यावर सगळे हिरवे होते. लॉगिन यशस्वी झाले की आमची लॉगिन सेवा एका गुप्त किल्लीने सही केलेले टोकन देते, आणि नोंदी ठेवणारी दुसरी सेवा त्याच किल्लीने ती सही पडताळते. नव्या आवृत्तीत किल्लीच्या व्हेरिएबलचे नाव `JWT_SECRET` ऐवजी `JWT_SIGNING_KEY` झाले होते, पण प्रत्यक्ष सर्व्हरवर जुनेच नाव होते. एरवी सेवा सुरूच व्हायला नको होती, पण कोडमध्ये ही ओळ होती:

```python
key = os.environ.get("JWT_SIGNING_KEY", "dev-key")
```

नाव सापडले नाही तर `dev-key` घ्या, असा तिचा अर्थ. ही सोय विकासकाच्या स्वतःच्या संगणकासाठी होती आणि जुन्या कोडमध्येही ती तशीच होती, त्यामुळे मंजुरी देताना मला त्या ओळीत खटकण्यासारखे काही दिसले नाही. सेवा निमूट सुरू झाली, `/health` ने `200` दिले, पासवर्ड बरोबर असेल तर टोकनही मिळत राहिले. फक्त ते टोकन घेऊन पुढची विनंती गेली की नोंदींची सेवा `401` म्हणत असे आणि वापरणाऱ्यासमोर पुन्हा लॉगिनचेच पान येई. आमचा इशारा `500` आणि त्यापुढच्या चुकांवर लावलेला होता. `401` रोजच येतात, म्हणून ते त्यात धरले नव्हते.

अहवालातला सर्वांत मोठा भाग मी ९:५२ ते १०:१६ या चोवीस मिनिटांना दिला. ९:५२ ला पहिल्या केंद्रावरून फोन आला, "भाऊ, पासवर्ड घेते अन् परत तेच पान येते, आत घेऊनच नाही राहिलं." मदत कक्षाने राउटर बंद करून चालू करायला सांगितले. आमच्या भागात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असल्याने दहातल्या बहुतेक तक्रारींना तो सल्ला लागू पडतो, आणि नवी आवृत्ती चढल्याची सूचना ज्या ग्रुपवर पडली होती त्यात मदत कक्ष नव्हताच. १०:०७ पर्यंत आणखी दोन केंद्रांचे फोन आले, त्यांनाही तेच उत्तर मिळाले. १०:१६ ला एका केंद्रचालकाने सांगितले की त्याच खोलीत, त्याच वायफायवर एक संगणक व्यवस्थित चालतो आहे आणि दुसरा चालत नाही. चालणाऱ्या संगणकावर साडेआठलाच लॉगिन झाले होते, म्हणजे त्याचे टोकन जुन्या, खऱ्या किल्लीने सही केलेले होते आणि ते बारा तास चालणार होते. नेटचा संशय तिथे संपला. १०:२४ ला नोंदींच्या सेवेच्या लॉगमध्ये `invalid signature` ची रांग सापडली, १०:३१ ला जुनी आवृत्ती परत आणायचा निर्णय झाला आणि अकरा मिनिटांत लॉगिन सुरू झाले. (लॉगमधल्या वेळा यूटीसीत होत्या. त्यांत साडेपाच तास मिळवून त्या मदत कक्षाच्या वहीशी जुळवण्यात माझा अर्धा दिवस गेला, पण त्याशिवाय हा क्रम लागला नसता.)

बैठकीत ज्येष्ठांनी विचारले, की त्याच सकाळी नोंदींच्या सेवेतही हा बदल गेला असता तर? दोन्ही सेवांनी `dev-key` घेतली असती, सह्या जुळल्या असत्या आणि नवे लॉगिन सुरळीत चालले असते. ज्यांच्याकडे जुने टोकन होते त्यांना फक्त एकदा पुन्हा लॉगिन करावे लागले असते आणि ते विसरूनही गेले असते. पण ती किल्ली कोडच्या भांडारात उघड लिहिलेली आहे, म्हणजे ते भांडार पाहू शकणाऱ्या कोणालाही कोणत्याही केंद्राच्या नावाने टोकन तयार करता आले असते, आणि आम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. हा परिच्छेद अहवालात सर्वांत वर हलवावा असे मीच सुचवले.

उपाय लिहिताना "पुढे अधिक काळजी घेणे" ही ओळ मी खोडली, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. पहिला उपाय कोडचा होता:

```python
key = os.environ["JWT_SIGNING_KEY"]
```

आता नाव नसेल तर `KeyError` येऊन नवी आवृत्ती सुरूच होत नाही आणि जुनी काम करत राहते. दुसरा म्हणजे आवृत्ती चढल्यावर एका चाचणी खात्याने लॉगिन करायचे आणि मिळालेल्या टोकनने एक नोंद वाचून पाहायची. तिसरा, मदत कक्षाला त्या ग्रुपमध्ये घ्यायचे. हे तीनही आठवडाभरात झाले, पहिला त्याच मुलीने केला. चौथा, `401` चे प्रमाण वाढले की इशारा देणे, अजून उघडा आहे. सकाळी केंद्रे उघडतात तेव्हा चुकीच्या पासवर्डमुळेही `401` उसळतात, आणि ते वेगळे मोजण्यासाठी लॉगमध्ये आधी कारण लिहावे लागेल. अहवालात त्या ओळीपुढे माझे नाव आहे आणि तारीख मी एकदा पुढे ढकलली आहे.