आमची वाटचाल : पंख्याची घुमघुम आणि साइन ड्राइव्ह

बीएलडीसी सीलिंग फॅनची कंट्रोलर कार्डं बनवणं हे आमचं काम. सुरुवातीची कार्डं सहा-टप्पी होती, आता पंख्यासाठी आम्ही साइन ड्राइव्हची, म्हणजे मोटरला साइन लहरीसारखा करंट देणारीच देतो. हा बदल एका आवाजापायी झाला. दिवसा तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण रात्री घर शांत झालं की पलंगावर पडल्यापडल्या ऐकू येतो.

सहा-टप्पी पद्धतीत एका वेळी दोनच फेजमधून करंट जातो आणि दर ६० विद्युत अंशांनी जोडी बदलते. मोटरचा बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरताना ती स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेज, वरून सपाट, समलंबाकृती असेल, तर टॉर्क बराचसा सारखा राहतो. आमच्याकडे येणाऱ्या पंख्यांच्या मोटरींचा बॅक-ईएमएफ मात्र स्कोपवर साइनसारखा गोल दिसतो. तिथे करंट कितीही सपाट ठेवला, तरी टप्प्याच्या दोन्ही टोकांना टॉर्क मधल्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. शिवाय जोडी बदलताना एका फेजचा करंट उतरतो आणि दुसरीचा चढतो, पण दोन्हींचा वेग सारखा नसतो. त्याचा झटका वेगळा.

सात ध्रुवजोड्यांची मोटर ३५० आरपीएमने फिरते तेव्हा विद्युत वारंवारता ४१ हर्ट्झच्या आसपास असते. टॉर्कचा हेलकावा तिच्या सहापट, म्हणजे सुमारे २४५ हर्ट्झ. हा कंप रॉडमधून छताच्या हुकापर्यंत पोचतो.

आवाज कशाचा हे ओळखायची आमची रीत सोपी आहे: पंखा पूर्ण वेगात असताना कार्डाचं आउटपुट बंद करायचं. घुमघुम त्याच क्षणी थांबली तर दोष करंटचा. पंखा नुसता घरंगळतानाही ती राहिली, तर चुंबक आणि स्टेटरच्या दातांमधलं कॉगिंग किंवा बेअरिंग तपासावं. साध्या साइन ड्राइव्हने तो आवाज जात नाही.

साइन ड्राइव्हमध्ये तिन्ही फेज सतत चालू असतात. मोकळी फेज उरत नाही, म्हणून तिच्या बॅक-ईएमएफचं झीरो क्रॉसिंग, म्हणजे शून्य ओलांडणं, पाहून रोटरची जागा कळत नाही. हॉल सेन्सर वापरले, तर ते अचूक बसायला हवेत. या मोटरीत सेन्सर एक अंश सरकला की विद्युत कोन सात अंशांनी चुकतो आणि साइन दर हॉल-बदलाला उडी मारते.

सगळ्यात जास्त वेळ डेड टाइमने खाल्ला, म्हणजे फेजचे वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून दोन्ही बंद ठेवायच्या क्षणाने. २० किलोहर्ट्झ स्विचिंगला एक मायक्रोसेकंद म्हणजे आवर्तनाचे २ टक्के, २४ व्होल्टच्या बसवर जवळपास अर्धा व्होल्ट. पूर्ण वेगात तो जाणवत नाही. सर्वांत कमी वेगाला फेजला मोजकेच व्होल्ट लागतात, तेव्हा साइन शून्याजवळ चपटी होते आणि सहापट वारंवारतेचा तोच हेलकावा परत येतो. म्हणून करंटची दिशा पाहून तेवढे व्होल्ट आम्ही भरून देतो. करंट शून्याजवळ असताना दिशेचं मोजमाप भरवशाचं नसतं, त्यामुळे तिथे भरपाई एकदम न उलटवता उतरत्या-चढत्या रेषेत द्यावी लागते.