"घरात नवीन काय झालंय?"

आमची मांजर मनी सारखी वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होती. जोर करायची, थेंबभर लघवी व्हायची, तीही गुलाबी.

टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. रक्त होतं, पण जंतू नव्हते. सोनोग्राफीत खडाही दिसला नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, घरात नवीन काय झालंय?"

गणपतीसाठी रंगकाम चाललंय. मनीची कपाटावरची जागा गेली, ट्रे वॉशिंग मशीनशेजारी सरकला. माणसाला किरकोळ वाटेल, तिला नाही.

ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाच्या नसा चेतवल्या जातात, आतलं अस्तर कमजोर होतं, सूज येते, रक्त उतरतं. जंतूच नाहीत, तर अँटिबायोटिक कशाला? डॉक्टरांनी वेदनेचं औषध दिलं, ओलं खाणं वाढवायला, शांत खोलीत दुसरा ट्रे ठेवायला सांगितलं. बहुतेकदा आठवड्याभरात बरं होतं, पण पुन्हा उलटू शकतं.

बोका असेल आणि जोर करूनही थेंब येत नसेल, तर मात्र सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आता गणपतीत आपल्या बेळगावात फटाके, ढोल सुरू होतील. तुमच्या मांजरांना लपायला कुठली जागा देता?