भांडणानंतरचं पहिलं ‘काय वैनी’

वरच्या मजल्यावरच्या वैनी आज परत बोलल्या. म्हणजे नीट, उभं राहून, हातातली पिशवी पायरीवर ठेवून बोलल्या. इतकं हलकं वाटतंय की झोपायच्या आधी लिहूनच काढते.

भांडण पाण्याचं. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत नळाला पाणी येतं ते ठरावीक वेळच, आणि वैनींनी लाईनला मोटर लावली की खाली आमच्या नळातनं नुसती हवा फुसफुसते. थेट लाईनला मोटर लावायची परवानगी नसते हे सगळ्यांना माहिताय, तरी बऱ्याच घरात ती असतेच. एक दिवस जिन्यातच शब्दाला शब्द वाढला, शेजारपाजारचे गॅलरीत आले, दारं आपटली, आणि त्यानंतर बोलणं बंद.

पण जिना एकच ना. त्यांच्या दाराची कडी वाजली की मी चप्पल घालून आतच थांबायचे, त्या खाली उतरून गेल्या की मगच बाहेर. त्याही तसंच करत असणार, कारण मी अंगण झाडत असले की वर पावलं यायची आणि मधेच थांबायची. काही लागलं तर त्यांचा बारका यायचा, "मम्मीनं शिडी मागितलीया," एवढंच सांगून उभा राहायचा बिचारा. आणि यात एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली, की पाण्याचा राग दोन-चार दिवसात निवलावता पण नवीन राग तयार होत होता. ती समोरनं गेली आणि बघून न बघितल्यासारखं केलं, हा राग. रोज भेटणाऱ्या माणसानं काहीतरी म्हणावं हे आपण धरूनच चाललेलो असतो, त्यामुळं तो गप्प गेला तर ते गप्प जाणंसुद्धा बोलल्यासारखंच लागतं, आणि दर दिवशी त्यात भर पडत जाते. पाण्यावर तोडगा निघाला असता तरी हे तसंच राहिलं असतं.

बी.ए.ला समाजशास्त्र होतं तेव्हा अर्व्हिंग गॉफमन थोडा वाचलावता. त्यानं 1971 साली मांडलेली एक गोष्ट मला कायम लक्षात राहिली, की भेटल्यावरचं ‘काय कसं काय’ आणि निघतानाचं ‘येतो’ हे माणसांमधली ये-जा किती मोकळी आहे ते दाखवणारे विधी असतात, भेटताना ती मोकळी होते आणि निरोप घेताना आवरती घेतली जाते. म्हणजे नमस्कारात माफी नसते, कोण बरोबर कोण चूक हेही नसतं. इथनं पुढं माझ्याशी बोललीस तर चालेल, एवढंच त्यात असतं. तेव्हा हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, यावेळी ते खरोखर उपयोगी पडलं, कारण मी मोटरचं मनातनं बाजूला ठेवू शकले आणि फक्त हाक मारायची एवढंच ठरवलं.

जिन्यात मारायची नाही हे पण ठरवलं. तिथंच भांडण झालेलं, आणि तिथं माणसाला बाजूला व्हायला जागा नसते, उत्तर द्यायचं नसलं तरी अंगावर आल्यासारखं होतं. कपिलतीर्थ मार्केटात त्या सकाळी भाजीला येतात हे माहीत होतं. तिथं हाताला काम असतं, बघायला मेथी असते, आणि गॅलरीतल्या त्या बायका नसतात (हे फार महत्त्वाचं, भांडण ज्यांनी बघितलं त्यांच्यासमोर पहिली हाक मारली की कोण वाकलं याचा हिशोब सुरू होतो). त्या एका पेंडीच्या काड्या मोडून बघत होत्या. मी शेजारनं जाता जाता म्हणाले, "काय वैनी, लवकर आलासा आज?" आणि चालत राहिले. थांबले नाही. थांबलं की समोरच्याला बोलणं भागच पडतं.

त्यांनी नुसतं "हं" केलं, तेही मेथीकडं बघत. पण ते उत्तर होतं. राग पक्का असता तर पेंडी ठेवून त्या पुढच्या गाळ्यावर गेल्या असत्या, किंवा बाईला मोठ्यानं भाव विचारला असता, म्हणजे मला ऐकूच आलं नाही असं दाखवायला. "हं" म्हणजे अजून वेळ आहे, पण नको असं नाही.

मग रोज तेवढंच. आधी जशी हाक मारायचे तशीच, त्याच आवाजात. उगाच जास्त गोड झालं तर माणूस सावध होतो, हिला काहीतरी पाहिजे असणार असं वाटतं. आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल. "जेवलासा?" "हो." झालं. "राग गेला का वैनी" असलं काही अजिबात नाही, कारण त्याला हो म्हणलं तर हार आणि नाही म्हणलं तर परत भांडण. व्हॉट्सॲपवर फुलांचे गुड मॉर्निंग मी पाठवलेच नाहीत, ते शंभर जणांना जातात, त्यात तिला ‘तू दिसलीस’ हे कुठं असतं?

परवा पहिल्यांदा त्यांच्याकडनं आलं. "ताई, तुमच्या दोरीवरचा टॉवेल खाली पडलाय." त्या क्षणाला मला कळलं की आता होईल.

आणि आज त्या जिन्यात स्वतःहून थांबल्या आणि विषय त्यांनीच काढला. वर पाणी चढतच नाही म्हणे, मोटर नसली तर एक कळशीसुद्धा भरत नाही. जुना लोखंडी पाइप आतनं गंजून बुजत आलाय असं प्लंबरनं सांगितलंय, आणि बदलायचा खर्च एकदम जमत नव्हता. हे मला भांडणाच्या दिवशी कळणं शक्यच नव्हतं, तेव्हा दोघींचाही आवाज वरच्या पट्टीत होता. आता असं ठरलंय की पाणी आलं की पहिला अर्धा तास मोटर बंद, तेवढ्यात मी माझं भरून घ्यायचं. खाली सामायिक टाकी करायची, पाणी आधी आपल्या दाबानं त्यात पडू द्यायचं आणि मोटर त्या टाकीवरनं लावायची, असं प्लंबरला विचारणार आहोत. खर्च निम्मा निम्मा.

सगळीकडं असंच होतं असं मी म्हणणार नाही. ज्याची भीती वाटते, ज्यानं हात उचललाय, त्याला हाक मारायची कुणावर सक्ती नसावी. आणि हाकेनं वाद मिटतोच असंही नाही. गावाकडं आमच्या आबांचं आणि काकांचं बांधावरनं वाजलेलं, कित्येक वर्षं दोघं एकमेकांच्या दारात जात नव्हते, पण एसटी स्टँडवर भेटले की "राम राम" चुकवला नाही कधी. त्याचा उपयोग मोजणीच्या दिवशी झाला. मोजणीवाले आले तेव्हा दोघं बांधावर एकत्र उभे राहिले, जुनी खूण कुठं होती ते दोघांनी मिळून दाखवलं, वकील कुणी आणला नाही. बांध काकांच्या बाजूनं थोडा सरकला. आबांना ते आजही पटलेलं नाही, आणि काका परवा घरी येऊन जेवून गेले.