आमची वाटचाल : झाकणाचा फोटो आणि तीन बादल्या

इंदूरच्या मल्हारगंजातलं आमचं रंगाचं दुकान बाबांनी 1987 साली सुरू केलं. तेव्हा शेड मशीनमधून निघत नसे, काकांच्या मनगटातून निघे. काका म्हणजे बाबांचे भागीदार. पांढऱ्या रंगात स्टेनर थेंबाथेंबानं सोडायचे, लाकडी पट्टीनं ढवळायचे आणि पट्टी उन्हात धरून म्हणायचे, "अजून एक थेंब काळा." हिरवट राखाडी शेड ते हिरव्याला हातही न लावता करत. यलो ऑक्साइडमध्ये काळा पडला की रंग हिरव्याकडे झुकतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे हेच मला चांगलंच महागात पडलं.

2009 साली टिंटिंग मशीन घेतलं. त्यानंतरची नऊ वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

2018 च्या पावसाळ्यानंतर एका ठेकेदाराचा रात्री साडेनऊला फोन आला. एका मंगल कार्यालयाच्या दोन भिंती गळतीनं खराब झाल्या होत्या. उरलेल्या दोन भिंतींचा रंग तोच ठेवून या दोन रंगवायच्या होत्या. "भिया, डब्बे का ढक्कन भेज रहा हूँ, यही चाहिए. सुबह माल दे दो." मग फोटो आला. झाकणावर स्टिकर होता, पण शेडचा नंबर पुसला गेला होता. थर्मल कागदाची छपाई गोदामाच्या उष्णतेत टिकत नाही. कडेला वाळलेल्या रंगाचा ओघळ मात्र स्पष्ट दिसत होता, बदामी.

मी शेडकार्डाचा पंखा उघडला, मोबाइलशेजारी धरला आणि त्यातला एक बदामी निवडला. सकाळी वीस-वीस लिटरच्या तीन बादल्या शेकरवरून उतरवून पाठवून दिल्या. दोन दिवसांनी कार्यालयाचे व्यवस्थापक स्वतः दुकानात आले. नव्या भिंती बदामी आणि जुन्या हिरवट राखाडी! दिवसाउजेडी हॉल दोन वेगळ्या घरांचा वाटत होता.

चूक कुठे झाली ते उलगडायला मला आठवडा लागला. फोटो पिवळ्या एलईडी दिव्याखाली काढलेला होता. फोन आपल्या हिशोबानं पांढरं काय ते ठरवतो, आणि झाकणाच्या त्या फोटोत पांढरं असं काहीच नव्हतं. लालभडक किंवा गडद निळी भिंत असती तर इतकी फसगत झाली नसती. पण राखाडीच्या जवळच्या शेडमध्ये रंग असा किती असतो? चिमूटभर हिरवेपणा, आणि तो पिवळ्या दिव्यानं खाऊन टाकला. त्यात माझ्या फोनवर रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू, म्हणजे पडद्याचाही पिवळा त्यात मिसळला. काकांच्या हाताखाली वाढलेल्या माणसानं सकाळच्या उन्हात एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

टिंट केलेला माल परत जात नाही. साठ लिटर रंग, वर मजुरी. ठेकेदारानं हात झटकले: "आपने ही तो मैच किया." ते खरंच होतं, म्हणूनच लागलं. त्याच महिन्यात समोर नवं दुकान उघडलं आणि त्याच्या मालकानं येणाऱ्याजाणाऱ्याला मंगल कार्यालयाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दिवाळीच्या तोंडावर आमच्या दारात शुकशुकाट.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो. स्विचबोर्डाची प्लेट काढली, कटरनं रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा पोपडा उचलला. तिथेही हात थांबला. प्लेटमागचा रंग ताजा होता आणि उघडी भिंत ऊन-धुरानं उतरलेली. सगळा हॉल रंगवायचा असेल तर प्लेटमागचा पोपडा खरा. जुन्या भिंतीला जुळवायचं असेल तर उघड्या भिंतीचाच घ्यावा, तोही ओल्या फडक्यानं पुसून. झाकणावरचा ओघळही जन्माचा रंग सांगतो, आजचा नाही, आणि तो जाड थरात वाळलेला असतो.

उघड्या भिंतीचा पोपडा घेऊन उसन्या स्पेक्ट्रोखाली, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राखाली, तीन ठिकाणी वाचन घेतलं आणि सरासरी काढली. फॉर्म्युला आला तो असा: पांढरा बेस, यलो ऑक्साइड, काळा. हिरव्याचा थेंबही नाही. काका असते तर हसले असते. एक लिटर बनवून कार्डावर दोन हात दिले आणि पूर्ण वाळू दिले, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतं, ओल्यावर निकाल देऊ नये. चुन्याचं उलट आहे, तो वाळताना पांढरा होतो. कार्ड पोपड्याला चिकटवून आधी दुकानाच्या पायरीवर पाहिलं, मग ट्यूबलाइटखाली. दोन्हीकडे जुळायला हवं. वेगळ्या पिगमेंटनं बनलेले दोन रंग एका उजेडात सख्खे भाऊ दिसतात आणि दुसऱ्यात ओळखही देत नाहीत. यंत्रावर रंगफरकाचा आकडा 1 च्या आत आला, बहुतेक डोळ्यांना तो कळत नाही.

भिंत रंगली आणि तरीही वेगळी दिसली. समोरून पाहिलं तर चोख, खिडकीच्या बाजूनं पाहिलं तर नवी भिंत फिकट, पिठूळ. जुना रंग सॉफ्ट शीन, म्हणजे मंद चमकेचा होता आणि मी मॅट दिला होता. मॅटचा पृष्ठभाग खडबडीत असतो, तो उजेड सगळीकडे विखुरतो आणि रंगावर पांढरट पडदा चढतो. त्यामुळे तोच नंबर शीनमध्ये गडद दिसतो. साधं यंत्र रंग सांगतं, चमक सांगत नाही. झाकणाचा फोटोही सांगत नाही. सांगतं ते डब्याच्या पोटावरचं लेबल, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. लेबल नसेल तर अंधारात भिंतीलगत टॉर्च आडवी धरा. शीनवर उजेडाचा पट्टा उमटतो, मॅटवर नुसता पसरतो. शेवटी तिसरा हात शीनचा दिला, पदरचे पैसे घालून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मध्ये न थांबता. तीन बादल्या आधी एका ड्रममध्ये एकत्र केल्या, कारण दोन बादल्यांतला किंचित फरक कोपऱ्यात लपतो, भिंतीच्या मधोमध नाही.

त्या दिवाळीत दुकान तगलं ते लोकमान्यनगरच्या एका निवृत्त बाईंमुळे. त्या शाळेत शिकवायच्या. समोरच्या दुकानाची गोष्ट ऐकूनही आल्या, हातात कापराची डबी आणि डबीत पोपडा. शिवाय वही. प्रत्येक खोलीच्या डब्यावरचा स्टिकर पुसण्याआधी त्या पेन्सिलीनं उतरवून घेतात: कंपनी, प्रॉडक्ट, फिनिश, बेस, शेडनंबर, तारीख. मी सगळ्यांना ही वही ठेवायला सांगतो. कुणी ठेवत नाही. रंगपंचमीला टोरी कॉर्नरवरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली की आसपासच्या भिंती गुलालानं माखतात, मग दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली फोनवर फोटो घेऊन उभी.

फोटोला माझी ना नाही. सकाळी दहाला सावलीत काढा, फ्लॅश नको, शेजारी पांढरा कागद ठेवा. त्यावरून मी कार्डातल्या चारपाच शेडपर्यंत पोहोचतो. त्यापुढे पोपडा लागतो.

स्पेक्ट्रो आता स्वतःचा आहे, हप्ते गेल्या वर्षी फिटले. तो ठेकेदार समोरच्याकडे माल घेतो. मागच्या महिन्यात रात्री दहाला त्यानं परत एक झाकण पाठवलं, त्यावरही पिवळा दिवा. "पोपडा भेजो," एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा कागदाच्या पुडीत घेऊन आला.