ऐंशी बेंचचं दरपत्रक आणि एक रकाना

संस्थेच्या हिशेब विभागातून आमची फाइल परत आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘सर्वांत कमी दराची शिफारस नाही, खुलासा करावा.’ त्या ओळीपायी आमचा एप्रिल गेला. काम होऊन बरेच महिने झाले, तरी ती आठवली की चीड येते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. शाळेसाठी, सोसायटीसाठी किंवा मंडळासाठी ज्यांना कोटेशन मागवावी लागतात त्यांना उपयोग होईल.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, अनुदानित. माजी विद्यार्थ्यांनी बेंचसाठी निधी दिला आणि खरेदी समितीचं काम माझ्याकडे आलं. दोन मुलं बसतील असे ८० बेंच हवे होते: ५० आठवी ते दहावीसाठी, ३० पाचवी ते सातवीसाठी थोडे बुटके. किमान तीन दरपत्रकं मागवायची आणि त्यातला सर्वांत कमी दर घ्यायचा, हा संस्थेचा नियम. पत्राचा नमुनाही संस्थेचाच: ‘खालील वस्तूंचे दर कळवावेत’, खाली वस्तू, नग आणि दर असे तीन रकाने. आम्ही तोच भरून पाठवला.

तीन दरपत्रकं आली. पुण्याच्या शोरूमचा दर ३,७०० रुपये, कोल्हापूरच्या कारखानदाराचा ३,९५० आणि आमच्याच तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याचा ४,४५०. दर रकान्यात वाचले तर पुणं सरळ पहिलं. पण पुण्याच्या पत्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जीएसटी वेगळा, गाडीभाडं १२,००० वेगळं, उतरवून जोडून देण्याचे नगामागे ६० रुपये वेगळे. कोल्हापूरचा दर शाळेत पोच, फक्त जीएसटी वेगळा. तालुक्यातला माणूस जीएसटीच्या, लहान व्यापाऱ्यांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतला. त्या योजनेतल्या व्यापाऱ्याला बिलात ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, त्यामुळे त्याचे ४,४५० म्हणजे सगळं धरून ४,४५०.

मग मी हिशेब मांडला. पुण्याचे ३,७००, त्यात नगामागे १५० भाडं आणि ६० जोडणी, म्हणजे ३,९१०. भाडं विक्रेत्याच्याच बिलात असलं की त्यावरही मालाइतकाच कर लागतो, म्हणून १८ टक्के सगळ्यावर: सुमारे ४,६१४. कोल्हापूरचे ३,९५० करासह ४,६६१. एखादी कंपनी भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेते, म्हणून तिने कर सोडून तुलना केली तर चालतं. शाळेला ती सोय नाही. आमच्या खिशातून जाणारा कर ही आमची किंमतच आहे. या हिशेबाने सर्वांत महाग दिसणारा तालुक्यातला माणूस सर्वांत स्वस्त निघाला, आणि मी तशी शिफारस करून तुलनात्मक तक्ता वर पाठवला.

तिथे ती पेन्सिलीची ओळ आली.

हिशेब विभागात गेलो तर तिथल्या गृहस्थांनी आमचंच पत्र पुढे ठेवलं. “सर, यात दर मागवलाय. सर्वांत कमी दर ३,७००. भाडं, कर हे सगळं तुम्ही नंतर मिळवलंत. पत्रात कुठे आहे ते?” मी म्हटलं, बिल तर सगळ्याचंच द्यावं लागणार. ते म्हणाले, “ते खरं, पण मला नियमाने जायचंय.” आणि मग अगदी शांतपणे, “शिवाय तो तुमच्याच गावाकडचा आहे ना?”

हे वाक्य मला फार लागलं. एक रुपयाचा संबंध नव्हता. पण घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवलं की त्यांच्या जागी कुणीही असता तरी हाच प्रश्न पडला असता. पाकिटं फोडल्यावर, दर दिसल्यावर तुलनेची पद्धत ठरवली की ती कितीही बरोबर असो, कुणालातरी झुकतं माप दिल्यासारखीच दिसते. तीच पद्धत पत्रात आधीच लिहिलेली असती तर पुण्याच्या शोरूमनेही भाडं धरूनच दर दिला असता आणि वादाला जागाच राहिली नसती. संस्थेच्या नमुन्यात मात्र त्यासाठी ओळच नव्हती, आणि नमुना बदलायला कोणी तयार नव्हतं. ‘वर्षानुवर्षं याच नमुन्यावर खरेदी झाली आहे’ हे उत्तर मी त्या महिन्यात अनेकदा ऐकलं. फाइल टेबलावरून टेबलावर जात राहिली. कधी सचिव बाहेरगावी, कधी मार्चअखेरीचं राहिलेलं काम. इकडे मेची सुट्टी जवळ येत होती आणि शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. बेंच करायला कारखान्याला महिना तरी लागतो.

गाठ सुटली ती दुसऱ्याच बाजूने. वाट पाहण्याच्या काळात मी तिघांनाही फोन करून विचारलं की तुमच्या दरात पाइप किती जाडीचा आहे आणि फळी कसली आहे. पत्रात आम्ही फक्त ‘लोखंडी सांगाड्याचा बेंच’ एवढंच लिहिलं होतं. पुण्याची फळी पार्टिकल बोर्डाची आणि पाइप १८ गेजचा. तालुक्यातल्याचा पाइप १८ गेजच, फळी प्लायवूडची. कोल्हापूरचा पाइप १६ गेजचा आणि प्लायवूड १८ मिलिमीटर. म्हणजे आम्ही तीन वेगळ्या वस्तूंच्या किमती शेजारी शेजारी लिहून भांडत होतो.

गेजमधला फरक कागदावर दिसत नाही, वजनात दिसतो. गेज वाढलं की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे साधारण १.२. पंचवीस बाय पंचवीसचा चौकोनी पाइप १.६ जाडीचा असेल तर मीटरला सुमारे १.१८ किलो भरतो, १.२ चा असेल तर ०.९ किलो. आमच्या बेंचला साधारण १० मीटर पाइप लागतो. म्हणजे एका सांगाड्यात जवळजवळ पावणेतीन किलो लोखंडाचा फरक. मुलं बेंचवर उभी राहतात, बेंच ओढतात, डबा खायला तिघं एका बाकावर बसतात. पातळ पाइप आधी वेल्डिंगच्या सांध्यापाशी वाकतो, तेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, बिल चुकतं करून झाल्यावर.

हे आकडे घेऊन आमच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः संस्थेत गेल्या. तिन्ही दरपत्रकं एका वस्तूची नाहीत, त्यामुळे कोणताही दर ‘सर्वांत कमी’ म्हणता येत नाही, असं त्यांनी लेखी दिलं. यावर हिशेब विभागालाही हरकत घेता आली नाही. पहिली फेरी कारण नोंदवून रद्द झाली आणि नव्याने दरपत्रक मागवायला परवानगी मिळाली, आमच्या मजकुरासह. बाईंचा मी आजही ऋणी आहे.

दर एकदा उघडे पडल्यावर फेरी रद्द करणं वाईट दिसतं, हे खरं आहे. म्हणून कारण कागदावर हवं, आधीच्या सगळ्यांना पुन्हा बोलवायला हवं आणि आधीचे दर कुणाला सांगायचे नाहीत. आम्ही तिघांनाच पत्रं दिली, त्याच दिवशी, तोच मजकूर.

नव्या पत्रात वस्तूचं वर्णन असं होतं: सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइपचा, जाडी १.६ मिलिमीटर. गेज लिहिलंच नाही, कारण बाजारात १६ गेज म्हणून १.४ चा पाइपही खपवला जातो. फळ्यांशिवाय सांगाड्याचं वजन किमान ११ किलो. पाइपच्या जाडीत थोडं कमी-जास्त होतं, तेवढी सूट त्यात धरली होती. फळी १८ मिलिमीटर प्लायवूडची, उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर प्रतीची, प्लायवूडच्या आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली, वर १ मिलिमीटर सनमायका, कडा पट्टीने बंद. पावडर कोटिंग. पायांना रबरी बूट. खाली दप्तराचा कप्पा. दोन्ही मापांची उंची आम्ही वर्गात मुलांना बसवून मोजून दिली.

पोच कुठे हवी तेही स्पष्ट लिहिलं: ५ जूनपर्यंत, ३० बेंच तळमजल्यावर, ५० दुसऱ्या मजल्यावर वर्गात नेऊन, जोडून. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे, हेही लिहिलं. दुसऱ्या मजल्याची हमाली हा ऐनवेळी भांडणाचा विषय होतो, गाडी दारात उभी असते आणि मग आपण नाही म्हणू शकत नाही.

आणि तुलनेचं कलम. ते जसंच्या तसं देतो: ‘सर्व कर, भाडे, हमाली व जोडणी धरून शाळेतील वर्गात पोच एका नगाची अंतिम किंमत लिहावी. तुलना फक्त या किमतीवर होईल. वरील वर्णनात न बसणारे दरपत्रक तुलनेत घेतले जाणार नाही. दर ४५ दिवस कायम राहावेत. निवडलेल्या पुरवठादाराने आधी एक नमुना बेंच द्यावा. मंजुरीनंतरच उरलेले काम सुरू करावे.’ तक्त्यात मूळ दर, कर, इतर खर्च असे रकाने ठेवले, पण शेवटचा रकाना ठळक: अंतिम किंमत.

पाकिटं समितीसमोर एकत्र फोडली, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. पुणं ४,२०० अधिक कर, म्हणजे ४,९५६. तालुक्यातला फॅब्रिकेशनवाला ४,७००. कोल्हापूर ३,९०० अधिक कर, म्हणजे ४,६०२. कोल्हापूरला ऑर्डर गेली, ८० नगांचे ३,६८,१६०. ज्याच्यावरून मला बोलणं ऐकावं लागलं तो गावाकडचा माणूस मागे राहिला. त्याने मला फोन करून विचारलं, “सर, कुठे कमी पडलो?” मी तक्ताच दाखवला. त्याला पटलं. तसं मोकळेपणाने दाखवता आलं याचा मला आनंद आहे. हिशेब विभागाने तक्ता एका दिवसात मंजूर केला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. नमुना आला, सांगाडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, साडेअकरा किलो भरला. त्या बेंचवर खाली आमची आणि कारखान्याची अशा दोघांच्या सह्या करून तो ऑफिसात ठेवला आणि गाडी आल्यावर अधूनमधून एकेक बेंच उचलून त्याच्याशी ताडून घेतला. फळ्या जोडल्यावर नुसता सांगाडा तोलता येत नाही, म्हणून नमुन्याचं फळ्यांसकट वजनही आधीच टिपून ठेवा. ताडताना तेच कामी येतं.

पत्रात घालायची आणखी एक गोष्ट आता आठवली: पैसे कसे देणार. पुण्याने पहिल्या फेरीत ५० टक्के आगाऊ मागितले होते, कोल्हापूरने ३०. नव्या पत्रात आम्ही ३० टक्के नमुना मंजूर झाल्यावर, ६० टक्के पोच झाल्यावर आणि १० टक्के तीन महिन्यांनी असं सगळ्यांसाठी एकच लिहिलं. ते शेवटचे १० टक्के हातात होते म्हणूनच ऑगस्टमध्ये चार बेंचच्या कडेची पट्टी निघाली तेव्हा कारखान्याचा माणूस दुसऱ्याच आठवड्यात येऊन लावून गेला.